सिम बदललं आणि नेट गेलं! (दोन सिमच्या फोनचा एक धडा)

आपल्या होस्टेलवर आज एका सिमचा फोन शोधूनच सापडेल. एक सिम घरचं, म्हणजे बँकेला, आधारला आणि परीक्षा विभागाला दिलेला नंबर. दुसरं सिम इथे आल्यावर, कॉलेजच्या गेटसमोरच्या दुकानातून, स्वस्त पॅक बघून घेतलेलं. दिवसाचा डेटा एका सिमवर संपला की आपण सेटिंगमध्ये जाऊन डेटा दुसऱ्या सिमवर टाकतो. बहुतेक वेळा चालतं. पण एखाद्या दिवशी चालत नाही. रेंज फुल्ल, फोन लागतो, शिल्लक कळते, आणि ब्राउझरचं ते चक्र मात्र फिरतच राहतं. मग सुरू होतो इलाजांचा बाजार. कुणी सांगतं सिम काढून पुसून घाल, कुणी सांगतं फोन फॉरमॅट मार, कुणी म्हणतं टॉवरलाच प्रॉब्लेम आहे.

मी ई अँड टीसीचा, त्यामुळे असे फोन माझ्या खोलीवर बरेच येतात. ते बघताना एक गोष्ट पुन्हापुन्हा लक्षात आली. सिम बदलल्यामुळे काही बिघडलं असं क्वचितच असतं. दुसऱ्या सिमच्या सेटिंगमध्ये काहीतरी आधीपासूनच चुकलेलं असतं. ते सिम फक्त बोलायला वापरत असल्यामुळे ते कळत नाही, आणि डेटा त्याच्यावर टाकला की उघडं पडतं. हे एकदा समजलं की शोध कुठे घ्यायचा तेही कळतं. या लेखात अँड्रॉइड फोन धरून चाललो आहे. मेनूची नावं कंपनीनुसार थोडी इकडेतिकडे असतील, पण मुद्दा तोच.

डेटा बदलतो तेव्हा आत काय होतं?

आपल्याला वाटतं की नळाची तोटी एका टाकीवरून काढून दुसऱ्या टाकीला लावली. प्रत्यक्षात तसं नाही. पहिल्या सिमच्या कंपनीने फोनला एक आयपी पत्ता दिलेला असतो आणि त्या पत्त्यावर डेटाची वाट उघडलेली असते. तुम्ही डेटा सिम बदललं की फोन ती वाट बंद करतो आणि दुसऱ्या कंपनीकडे नव्याने अर्ज करतो. या अर्जाला चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी फोनच्या आतली : डेटा कुठल्या सिमला द्यायचा आणि त्या सिमचा डेटा चालू आहे का. दुसरी हवेतली : ते सिम ४जी किंवा ५जीवर बसलं आहे, की २जीवर अडकलं आहे. तिसरी कंपनीच्या दारातली : फोन एक नाव सांगतो, ‘मला अमुक दारातून आत घ्या’, आणि कंपनी ते नाव ओळखून आयपी पत्ता देते. या नावालाच एपीएन म्हणतात. चौथी पायरी दाराच्या पलीकडची : पत्ता तर मिळाला, पण पॅक संपला आहे, किंवा डीएनएसचं उत्तर येत नाही.

चारही ठिकाणी अडलं तरी आपल्याला बाहेरून एकच दिसतं, ‘नेट नाही’. म्हणून इलाज करण्याआधी कुठली पायरी अडली ते बघायचं. लॅबमध्ये सर्किट चालत नसेल तर आपण सगळे पार्ट बदलत बसत नाही, मल्टिमीटर घेऊन एकेक टप्पा तपासतो. इथेही तेच.

पहिली पायरी : डेटा नक्की कुणाला दिला?

आधी वायफाय बंद करा. होस्टेलच्या वायफायला फोन जोडलेला असतो, त्यात नेट नसतं, आणि आपण सिमला शिव्या देत बसतो. हे दर आठवड्याला एकदा तरी होतंच.

मग `Settings` मध्ये `Network & internet` आणि त्यात `SIMs` उघडा. काही फोनवर हेच `SIM cards & mobile networks` किंवा `SIM manager` नावाने असतं. इथे दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या आहेत. एक, मोबाइल डेटासाठी कुठलं सिम निवडलं आहे. दोन, त्या सिमच्या स्वतःच्या पानावर `Mobile data` चं बटण चालू आहे का. अँड्रॉइड प्रत्येक सिमसाठी हे बटण वेगळं लक्षात ठेवतं. साधारणपणे सिम निवडलं की बटण आपोआप चालू होतं, पण दोन्ही डोळ्यांनी बघून घ्यायला काही पैसे पडत नाहीत.

त्याच पानावर `Roaming` चं बटण असतं, तेही प्रत्येक सिमचं वेगळं. हे आपल्याकडे महत्त्वाचं आहे. टेलिकॉमच्या हिशेबात मुंबई हे वेगळं सर्कल आहे, आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. त्यामुळे ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या मुलाचं घरचं सिम पुण्यात किंवा साताऱ्यात आलं की ते घराबाहेर असतं. बऱ्याच फोनला हे कळूनही ते डेटा चालू ठेवतात, पण काही फोनवर रेंजशेजारी `R` दिसतो आणि रोमिंगचं बटण बंद असेल तर डेटा मिळत नाही. फोन मात्र लागतो. `R` दिसला तर बटण चालू करून बघा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती बिघाड नाहीच. आपले बहुतेक दोन सिमचे फोन दोन्ही सिम जागी ठेवतात, पण एका वेळी एकाच सिमवर धड काम करतात. डेटा दुसऱ्या सिमवर आहे आणि पहिल्या सिमवर आईचा फोन आला, तर बोलणं संपेपर्यंत डेटा थांबू शकतो. फोन ठेवला की काही सेकंदांत परत येतो. काही फोनमध्ये बोलताना डेटा तात्पुरता त्याच सिमवर नेण्याची सोय असते. तिचं नाव `Data during calls` किंवा तसंच काहीतरी असतं.

दुसरी पायरी : सिम कुठल्या जीवर बसलं आहे?

रेंजच्या काड्यांशेजारी काय लिहिलंय ते नीट बघा. ४जी, `LTE` किंवा ५जी असेल तर ही पायरी पार झाली. `E` किंवा `G` असेल, तर सिम २जीवर आहे. काड्या पाचच्या पाच असतात, पण त्या फक्त सिग्नलची ताकद सांगतात. सिग्नल कुठल्या तंत्राचा आहे ते सांगत नाहीत.

असं का होतं? त्या सिमच्या पानावर `Preferred network type` नावाची ओळ असते. तिथे कुणीतरी कधीतरी बॅटरी वाचवायला `3G/2G` किंवा `2G only` करून ठेवलेलं असतं. खाजगी कंपन्यांनी ३जी बहुतेक ठिकाणी बंद केलं आहे, त्यामुळे `3G/2G` म्हणजे प्रत्यक्षात २जीच. त्यावर बोलता येतं, पण आजचं कुठलंच पान धड उघडत नाही. जिओचं सिम असेल तर याच चुकीचं वेगळं रूप दिसतं. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली तीच ४जीवर, त्यांच्याकडे २जी-३जी कधी नव्हतंच. त्यामुळे तिथे `3G/2G` केलं तर रेंजच जाते. एकच चूक, एका सिमवर ‘नेट नाही’ आणि दुसऱ्यावर ‘नो सर्व्हिस’. उपाय दोन्हीकडे एकच : त्या ओळीत ४जी किंवा ५जी असलेला, `Auto` चा पर्याय निवडा.

फार जुना फोन असेल तर एक मर्यादा लक्षात ठेवा. त्यात एका वेळी एकच सिम ४जीवर राहू शकतं, दुसरं २जीवर थांबतं. डेटा बदलला की दोघांच्या जागांची अदलाबदल होते आणि त्या वेळी दोन्ही सिमची रेंज थोडा वेळ गायब होते. घाबरून लगेच परत बदलू नका. अर्धा मिनिट थांबा.

तिसरी पायरी : दारावर सांगायचं नाव

आता एक खरी केस सांगतो, म्हणजे ही पायरी कळेल. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा संध्याकाळी आला. “दादा, परीक्षा फॉर्मची फी भरायची आहे, उद्या लेट फी लागणार. एक नंबर सिमचा आजचा डेटा संपला. दोन नंबरवर टाकला तर काहीच चालत नाही. पॅक कालच मारलाय.” तासभर त्याने फोन चार वेळा बंद-चालू केला होता. शेजारच्या खोलीतून सल्ला आला होता की फॅक्टरी रिसेट मार. सुदैवाने त्याने तो ऐकला नव्हता, कारण त्या फोनमध्ये सर्व्हेइंगच्या कॅम्पचे फोटो होते आणि बॅकअप कुठेच नव्हता.

पहिली पायरी बघितली. डेटा दोन नंबरवर, बटण चालू, रोमिंगची भानगड नाही. दुसऱ्या पायरीवर गंमत दिसली. `Preferred network type` मध्ये ४जी व्यवस्थित निवडलेलं, तरी काड्यांशेजारी `E`. एक नंबर सिम त्याच खोलीत ४जीवर होतं. मी माझा फोन काढला. माझं एक सिम त्याच्या दोन नंबरच्याच कंपनीचं आहे, आणि माझ्याकडे ४जी दिसत होतं. म्हणजे टॉवर निर्दोष सुटला.

मग डायलरवर हा कोड दाबला :

```
*#*#4636#*#*
```

याने बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चाचणीचं एक पान उघडतं. त्यात `Phone information` निवडायचं आणि वर दोन सिमपैकी हवं ते सिम निवडायचं. काही कंपन्यांच्या फोनवर हा कोड चालत नाही, पण त्याच्या फोनवर चालला. तिथे लिहिलं होतं : `Voice service: In service`, डेटाचं तंत्र `EDGE`, आणि `Data service: Disconnected`. दोन मिनिटं बघत राहिलो. मधेच `Connecting` यायचं आणि पुन्हा `Disconnected`.

याचा अर्थ फोन दारावर जात होता आणि दरवेळी परत पाठवला जात होता. म्हणजे नाव चुकलं असणार. त्या सिमच्या पानावर `Access Point Names` उघडलं. यादीत दोन नोंदी होत्या. एक कंपनीची, आपोआप आलेली. दुसरी हाताने घातलेली, तिच्या नावात ‘स्पीड’ असा शब्द, आणि निवडीचा ठिपका हिच्यावर! विचारलं तर म्हणाला, “हो, चार महिन्यांपूर्वी एका व्हिडिओत बघून टाकलं होतं. नेट फास्ट होतं म्हणाले.”

आता कोडं सुटलं. ४जीमध्ये फोन नेटवर्कवर नाव नोंदवतो तेव्हाच, त्याच दमात, डेटाची वाटही मागतो. नोंदणी आणि वाट दोन्ही एकत्र मिळतात. एपीएनचं नाव कंपनीला माहीत नसेल तर ती वाट नाकारते आणि तिच्याबरोबर नोंदणीही फिसकटते. या नकाराला प्रमाणित क्रमांक आहे, कारण क्रमांक २७, म्हणजे ‘एपीएन नाही किंवा ओळखीचा नाही’. फोन पाच वेळा प्रयत्न करतो. मग ४जीचा नाद सोडून २जीवर जातो, कारण तिथे निदान बोलता तरी येतं. तिथे डेटा मागितला की तेच चुकीचं नाव आणि तोच नकार.

चार महिने ते सिम असंच २जीवर पडून होतं. बोलणं चालू होतं, डेटा एक नंबरवर होता, त्यामुळे त्याला पत्ताच लागला नाही. मग त्या वेळी ‘फास्ट’ कसं झालं? झालंच नव्हतं, कारण डेटा त्या सिमवर नव्हताच! आणि एपीएनने वेग वाढत नाही, हेही इथे सांगून ठेवतो. एपीएन म्हणजे दारावरचं नाव. दारावर वेगळं नाव सांगितल्याने मागचा रस्ता रुंद होत नाही. काही नेटवर्क चुकीचं नाव आलं तरी आपलं ठरलेलं नाव लावून फोनला आत घेतात. म्हणून असले व्हिडिओ काही जणांना ‘चालले’ असं वाटतं.

इलाज दोन टप्प्यांचा. आधी कंपनीच्या नोंदीवर ठिपका आणला आणि हाताने घातलेली नोंद पुसून टाकली. यादीत कंपनीची नोंद दिसत नसेल तर वर कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमध्ये `Reset to default` असतं. त्याने त्या सिमची मूळ यादी परत येते, बाकी फोनला धक्का लागत नाही.

दुसरा टप्पा पुष्कळ जण विसरतात. नाव सुधारलं तरी नेट लगेच येईलच असं नाही. पाच प्रयत्न फसल्यावर फोन एक टायमर लावतो आणि तोवर ४जीवर पुन्हा प्रयत्न करत नाही. या टायमरची प्रमाणित किंमत १२ मिनिटं आहे. ‘एपीएन नीट केला तरी चालत नाही’ म्हणून लोक पुन्हा सगळं बदलायला लागतात, ते याच १२ मिनिटांत. फ्लाइट मोड चालू करून दहा-पंधरा सेकंदांनी बंद केला की हा हिशेब पुसला जातो आणि फोन नव्याने नोंदणी करतो. आम्ही तेच केलं. `E` जाऊन ४जी आलं, चाचणीच्या पानावर `Connected` आलं, आणि त्याची फी भरून झाली. ओटीपी एक नंबर सिमवर आला. डेटा कुठल्याही सिमवर असला तरी एसएमएस आपापल्या सिमवर येतात, त्याची काळजी नको.

तुम्हाला हाताने नाव टाकावंच लागलं तर ते आपल्याच कंपनीचं टाका. जिओसाठी `jionet`, एअरटेलसाठी `airtelgprs.com`, बीएसएनएलसाठी `bsnlnet`. युजरनेम आणि पासवर्ड रिकामे ठेवा. `APN protocol` मध्ये `IPv4/IPv6` ठेवा. आणि एका सिमचं ‘चालणारं’ सेटिंग दुसऱ्या सिमवर उतरवून काढू नका. ते दुसऱ्याच्या घराचं नाव आपल्या वॉचमनला सांगण्यासारखं आहे.

चौथी पायरी : पत्ता मिळाला, पण गाडी हलत नाही

चाचणीच्या पानावर `Connected` आहे, ४जीही आहे, तरी पान उघडत नाही. म्हणजे दारातून आत गेलात, अडचण पुढे आहे. इथे तीनच गोष्टी बघा.

एक, पॅक. आपल्याकडच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दिवसाचा कोटा संपला की नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. दहा एमबीची पीडीएफ या वेगाने उतरवायला वीस मिनिटांहून जास्त लागतात, म्हणजे आपल्या लेखी नेट बंदच. गणित सोपं आहे : दहा एमबी म्हणजे सुमारे ८०,००० किलोबिट, भागिले ६४, म्हणजे १,२५० सेकंद. शिवाय नुसतं डेटाचं व्हाउचर मारलं आणि मूळ प्लॅनची मुदत संपलेली असेल, तर व्हाउचर सहसा कामाला येत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये दोन्ही तारखा बघा.

दोन, `Private DNS`. जाहिराती बंद करायला पुष्कळ जणांनी इथे एखाद्या सर्व्हरचं नाव टाकलेलं असतं. हे सेटिंग दोन्ही सिमला आणि वायफायलाही लागू असतं. एका नेटवर्कवरून तो सर्व्हर गाठता येतो, दुसऱ्यावरून येत नाही, असं झालं की सिम बदलल्यावर नेट गेलं असंच वाटतं. ते `Automatic` वर आणून बघा. तीन, व्हीपीएन. तो बंद करून बघा.

लॅपटॉप हाताशी असेल तर

कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांसाठी. फोनमध्ये यूएसबी डिबगिंग चालू करून ही एक ओळ चालवा :

```
adb shell "dumpsys telephony.registry | grep -E 'Phone Id|mDataConnectionState'"
```

दोन्ही स्लॉटची स्थिती वेगवेगळी दिसते. `Phone Id=0` म्हणजे पहिला स्लॉट, `1` म्हणजे दुसरा. पुढचा आकडा ० असेल तर डेटा जोडलेला नाही, १ म्हणजे जोडण्याचा प्रयत्न चालू, २ म्हणजे जोडलेला, ३ म्हणजे तात्पुरता थांबवलेला. ज्या सिमवर डेटा नाही तिथे ० दिसणं बरोबरच आहे, त्याला बिघाड समजू नका. डेटाच्या सिमवर ० आणि १ असं आलटून पालटून दिसलं तर तिसरी पायरी, २ दिसूनही नेट नसेल तर चौथी. फोनवर बोलत असताना ३ दिसला तर ती वर सांगितलेली आईच्या फोनची गोष्ट.

काय करू नये, आणि का

सिम काढून स्लॉट बदलणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. पण अँड्रॉइड ही सेटिंग सिम ओळखून लक्षात ठेवतं, स्लॉट ओळखून नव्हे. त्यामुळे चुकीचा एपीएन सिमबरोबर दुसऱ्या स्लॉटमध्येही जातो. स्लॉटचा संपर्क खराब असेल तर रेंजच जाते किंवा ‘नो सिम’ येतं. रेंज फुल्ल असताना सिम पुसून काही मिळत नाही. त्यातून ते बँकेला जोडलेलं सिम असेल तर काढल्या-घातल्यावर पैसे भरण्याचं ॲप पुन्हा पडताळणी मागू शकतं, आणि ऐन फी भरायच्या वेळी ते नको असतं.

सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये घालून बघणं मात्र उत्तम चाचणी आहे, विशेषतः ते बँकेचं सिम नसेल तर. तिथे चाललं तर दोष तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये. तिथेही नाही चाललं आणि त्या मित्राचं त्याच कंपनीचं सिम चालतंय, तर दोष तुमच्या खात्यात किंवा सिममध्ये. मग कंपनीच्या दुकानात जाण्यात अर्थ आहे. तिथे ‘नेट नाही’ एवढंच न सांगता ‘दोन फोनमध्ये तपासलं, एपीएन कंपनीचाच आहे’ असं सांगा. काउंटरवरची पहिली वीस मिनिटं वाचतात.

सगळं करून झालं आणि दोष फोनचाच असेल, तर `Reset options` मध्ये नुसतं मोबाइल नेटवर्कचं सेटिंग मूळ पदावर आणण्याचा पर्याय असतो. काही फोनवर तो वायफाय आणि ब्लूटूथच्या बरोबर एकत्रच येतो. मग होस्टेलच्या वायफायचा पासवर्ड आणि इअरफोनची जोडणी पुन्हा करावी लागते, ते आधी लिहून ठेवा. एक सिम ई-सिम असेल तर त्या पानावर `Erase eSIMs` अशी चौकट असू शकते. तिच्यावर खूण करू नका, नाहीतर सिमच पुसलं जाईल आणि नवीन घेण्यासाठी कंपनीचं दार ठोठवावं लागेल. फॅक्टरी रिसेटची तर या कामाला गरजच नाही. नेटवर्कचं सेटिंग मूळ पदावर आणूनही जे सुटलं नाही, ते फोटो आणि नोट्स पुसून सुटेल याची शक्यता फारच कमी.

शेवटी

दुसरं सिम आपण अडीअडचणीसाठी ठेवतो आणि त्याची पहिली परीक्षा अडचणीच्याच दिवशी घेतो. म्हणून फॉर्मच्या, प्लेसमेंटच्या किंवा ऑनलाइन टेस्टच्या आठवडाभर आधी, निवांत बसून, वायफाय बंद करा, डेटा दोन नंबरवर टाका, काड्यांशेजारी ४जी येतंय का बघा आणि एक पान उघडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. नाही उघडलं तर एक ते चार पायऱ्या वर आहेत, आणि हातात वेळही आहे. सगळं करूनही नाही जमलं, तर माझी खोली बी विंगला, जिन्यापासून तिसरी. रात्री जेवणानंतर या, आणि येताना चार्जर आणा!